‘हुशार, होतकरू’ खोडा आणि १०.६ लिहा

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावी झालेली माझी एक विद्यार्थिनी बी.एस्सी.साठी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीला अर्ज करते आहे. ‘विषयशिक्षकाचे शिफारसपत्र, एक पान, मराठी किंवा इंग्रजी’ असं त्यांनी मागितलंय. निवडीसाठी विषयाची आवड, चिकाटी आणि आर्थिक गरज पाहतात. मी दिलेलं पत्र असं:

‘कु. अ. ही आमच्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून ती अत्यंत हुशार, होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक आहे. तिची वर्तणूक उत्तम आहे. ती गरीब कुटुंबातील असून प्रतिकूल परिस्थितीवर मात करून शिकत आहे. ती सर्व उपक्रमांत हिरिरीने भाग घेते. तरी तिला शिष्यवृत्ती मिळावी अशी मी शिफारस करते. तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’

ट्रस्टने ‘अधिक तपशील हवा’ म्हणून ते परत पाठवलं. सांगण्यासारखं काय, तर डिसेंबरमध्ये पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन होतं. आदल्या आठवड्याच्या बॅचची रीडिंग १०.१ च्या आसपास होती, हिच्या बॅचला १०.६ येत होती. बहुतेकांनी मागच्या बॅचचे आकडे बघून जर्नलला १०.१ लिहिलं, हिने १०.६ च लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकटी येऊन विचारलं, ‘मॅडम, ते द्रावण कधी केलं होतं?’ ते आठ दिवसांपूर्वीचं होतं, साध्या पांढऱ्या बाटलीतलं. ताजं करून तिच्याकडून पुन्हा करून घेतलं, तर १०.१ आलं. पण एवढीशी बारीक गोष्ट पत्रात कशी लिहायची? सहामाहीत तिला ७० पैकी ३१ च होते, लॉगची गणितं चुकायची. ऑफ तासाला बसून सोडवत राहिली, प्रिलिमला ५४ पडले. वडील नाहीत, एसटीने येते, पहिला तास कधी कधी बुडतो.

आणखी एक. त्याच ट्रस्टला माझ्या वर्गातल्या एका मुलानेही अर्ज केलाय. त्याला हेच पत्र नाव बदलून देणार होते.

— एक रसायनशास्त्र शिक्षिका

उत्तर: मॅडम, टायट्रेशनची ती गोष्ट बारीक आहे म्हणूनच कामाची आहे. अख्खं पत्र तिच्यावर उभं करा. बाकीचं तिच्या आजूबाजूला बसवू.

आधी परत आलेल्या पत्राबद्दल, कारण तो साचा कुठून आला हे कळलं तर तो पुन्हा हाताखाली येणार नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असतात आणि दोन्हींत वर्षानुवर्षं ‘चांगली’ लिहिलं जातं. आपल्याकडची बहुतेक शिफारसपत्रं म्हणजे त्या दोन रकान्यांचा केलेला परिच्छेद असतो. दाखल्याचं काम वेगळं आहे. या मुलीबद्दल काही वावगं नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं, म्हणून तो सगळ्यांना सारखाच दिला तरी चालतो. ट्रस्टला मात्र शंभरातल्या दहा मुली निवडायच्या असतात, आणि शंभरही पत्रांत ‘होतकरू’ लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याचा त्या शब्दावर राग नसतो, त्याला तो दिसेनासाच झालेला असतो.

दुसरं, समितीपुढे तुमचं पत्र एकटं जात नाही. फाइलमध्ये बारावीची गुणपत्रिका असते, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असतो आणि मुलीने स्वतः लिहिलेलं निवेदन असतं. हुशारी गुणपत्रिकेत दिसते, गरज दाखल्यात दिसते, घरची परिस्थिती तिने स्वतः लिहिलेली असते. तुमच्या जुन्या पत्रातलं ‘हुशार’ आणि ‘गरीब कुटुंबातील’ हे दोन्ही त्यांना आधीच ठाऊक आहे, आणि तुमच्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे. कोणत्याही कागदात नसलेली गोष्ट एकच: प्रयोगशाळेत, टेबलाच्या अलीकडे उभं राहून तुम्ही काय पाहिलंत.

आता ती गोष्ट लिहायच्या आधी तपासून घ्या. समितीवर एखादा निवृत्त प्राध्यापक रसायनशास्त्राचा निघाला, तर तो पहिली शंका इथेच काढेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग केला तेव्हा ऑक्झॅलिक आम्ल तेच होतं की तेही नवीन केलं होतं? आम्ल तेच होतं आणि फक्त परमँगनेट ताजं होतं, तर दोष जुन्या परमँगनेटमध्येच होता हे सिद्ध झालं. परमँगनेट उजेडात हळूहळू विघटन पावतं, त्याची तीव्रता उतरते, मग तेवढ्याच आम्लाला ते जास्त लागतं. १० मिली ०.१ नॉर्मल आम्लाला १०.१ मिली लागलं तर परमँगनेट ०.०९९ नॉर्मल ठरतं, १०.६ लागलं तर ०.०९४. फरक पाच टक्क्यांच्या आसपासचा, आणि दिशा बरोबर आहे. एका मुलीच्या हाताची चूक असती तर सगळ्या बॅचला तोच आकडा आला नसता, हेही तिच्या बाजूचं आहे. पण दोन्ही द्रावणं नवी केली असतील तर ‘तिने कारण शोधून काढले’ असं लिहू नका. मग ‘तिला शंका आली आणि तिने ती तपासून पाहिली’ एवढंच खरं आहे, आणि शिष्यवृत्तीसाठी तेवढं पुरेसं आहे.

हे आठवणीवर सोडू नका. तिचं जर्नल मागवा आणि ते पान उघडून बघा. तारीख कोणती, १०.६ खरंच शाईने लिहिलंय की खाडाखोड आहे, एकसारख्या किती रीडिंग घेतल्या, त्याखाली दुसऱ्या दिवशीचा तक्ता आहे का. आठवणीत सहा महिन्यांत गोष्ट गुळगुळीत होते. जर्नलमध्ये १०.५ निघालं तर १०.५ लिहा. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पत्राला जोडायची गरज नाही, पण ट्रस्टचा फोन आला तर समोर असलेला बरा.

या प्रसंगात तुमची अडचण मला दिसते. तो नीट सांगायचा तर बाकीच्यांनी आकडे उतरवले हे येतं, आणि तुम्ही परमँगनेट तपकिरी बाटलीऐवजी साध्या बाटलीत ठेवलं होतं हेही येतं. पहिली गोष्ट गाळा. इतर मुलांना खाली ढकलून हिला वर काढलं की पत्राची चव जाते, शिवाय त्यातल्याच एका मुलाचं पत्र त्याच टेबलावर जाणार आहे. ‘आदल्या बॅचचे आकडे तिला माहीत होते’ एवढ्यातच सगळं येतं. जाणता वाचक पुढचं समजतो. दुसरी गोष्ट मात्र ठेवा. ‘ते द्रावण मीच आठ दिवसांपूर्वी करून साध्या बाटलीत ठेवले होते’ हे वाक्य अख्ख्या पत्रात सर्वांत वजनदार ठरेल. जी शिक्षिका स्वतःची चूक सहज लिहून जाते, तिने मुलीबद्दल लिहिलेलं फुगवलेलं नसणार, असं वाचणाऱ्याला वाटतं.

आता चिकाटी. ‘चिकाटीने अभ्यास केला’ असं लिहिण्यापेक्षा ३१ आणि ५४ हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि मधल्या काळात काय झालं ते सांगा. पण नेमकं काय चुकत होतं हे लिहिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. लॉगची गणितं चुकायची म्हणजे काय? पीएच आणि नर्न्स्ट समीकरणाच्या उदाहरणांत सूत्र बरोबर यायचं आणि लॉग टेबल वाचताना घसरायचं, की सूत्रच कळत नव्हतं? पहिलं असेल तर ती सरावाने सुटणारी अडचण होती आणि तिने ती सोडवली. दुसरं असेल तर समज वाढली. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, पण वेगळ्या आहेत. तिची सहामाहीची उत्तरपत्रिका अजून स्टाफरूमच्या कपाटात असेल तर पाच मिनिटांत कळेल. आणि ऑफ तासाला किती उदाहरणं सोडवली हे वही मागवून मोजा. ‘भरपूर’ असं न लिहिता आकडा लिहा. खालच्या मसुद्यात मी ती जागा मोकळी सोडली आहे.

सहामाहीचे ३१ ट्रस्टला दिसणारच नसतील, कारण त्यांच्याकडे फक्त बोर्डाची गुणपत्रिका जाते, तर ते आपण होऊन कशाला सांगायचे, असं तुम्हाला वाटेल. एरवी मीही हेच म्हटलं असतं. फाइलमध्ये कुठेच नसलेला आणि अर्जाशी संबंध नसलेला उणेपणा ओढून आणू नये. पहिला तास बुडण्याचं मी याच कारणाने गाळेन. एसटी उशिरा येते हा तिच्या अभ्यासाचा गुण नाही आणि दोषही नाही. पण ३१ शिवाय ५४ ला उंची येत नाही, म्हणून ते हवेत.

उणेपणाची एक जागा मात्र पत्रात ठेवाच, आणि ती तुमच्याच हकिगतीत आहे. तिने शंका त्याच दिवशी, बॅचसमोर विचारली नाही. दुसऱ्या दिवशी एकटी आली. हे नेहमीचं असेल तर लिहा. शंभर मुलांच्या वर्गात अशी मुलगी मागे पडू शकते आणि ट्रस्टने मार्गदर्शक नेमला तर त्याला हे आधी माहीत असलेलं बरं. एखादी खरी, मर्यादित उणीव लिहिली की वरचं कौतुक पटतं. फक्त ‘ती अति कष्ट करते हाच तिचा दोष’ असली लबाडी करू नका; ती वाचून समितीतले लोक एकमेकांकडे बघून हसतात.

वडिलांबद्दल. ते तिचं आहे, तुमचं नाही. तिने निवेदनात लिहिलं असेल तर पुन्हा लिहायची गरज नाही. लिहिलं नसेल तर तिच्या मनात नसताना तुम्ही ते उघड करता. तिला विचारा. तिने ‘लिहा’ म्हटलं तरी एका वाक्यात आणि तुमच्या नजरेतून लिहा, म्हणजे घरच्या जबाबदारीचा तिच्या शिकण्यावर तुम्हाला दिसलेला परिणाम. ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’ हा शब्दप्रयोग मात्र कायमचा सोडा. परिस्थिती कोणती आणि मात कशी केली, हे दोन्ही त्यात नसतं.

राहिली तुलना. ‘अत्यंत हुशार’ म्हणजे कितीत? दोन्ही तुकड्यांची हजेरी पुढे घ्या आणि प्रयोगातल्या कामासाठी कोणाकोणाची नावं हिच्या आधी घ्याल त्यांच्यापुढे पेन्सिलने खूण करा. मग तेच लेखी परीक्षेसाठी करा. दोन याद्या वेगळ्या निघतील. निघू द्या. ‘८४ जणांत प्रयोगाच्या कामात पहिल्या पाचांत, लेखी परीक्षेत पहिल्या वीसांत’ हे वाक्य ‘सर्वोत्कृष्ट विद्यार्थिनी’पेक्षा कितीतरी पटतं, कारण ते लिहिताना कोणीतरी खरंच मोजलंय हे दिसतं. खालच्या मसुद्यातले ८४, पाच आणि वीस हे माझे अंदाजाचे आकडे आहेत. तुमच्या हजेरीतले घाला.

पत्र असं होईल:

> जा. क्र.: … दिनांक: …
>
> प्रति,
> मा. निवड समिती
>
> विषय: कु. अ. हिच्या बी.एस्सी. शिष्यवृत्ती अर्जासाठी शिफारस
>
> महोदय,
>
> कु. अ. हिला मी अकरावी व बारावी अशी दोन वर्षे रसायनशास्त्र शिकवले. तिच्या प्रात्यक्षिकाच्या बॅचलाही मीच होते. खाली लिहिलेले सर्व मी स्वतः पाहिलेले आहे.
>
> गेल्या डिसेंबरमध्ये पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये तिला १०.६ मिली रीडिंग मिळाले. आदल्या आठवड्याच्या बॅचला १०.१ मिळाले होते व ते तिला माहीत होते. ब्युरेटवरच्या पाच घरांचा हा फरक आहे. तिने जर्नलमध्ये १०.६ हेच लिहिले. दुसऱ्या दिवशी येऊन तिने मला विचारले, ‘मॅडम, ते द्रावण कधी केलं होतं?’ ते द्रावण मीच आठ दिवसांपूर्वी करून साध्या बाटलीत ठेवले होते. उजेडाने परमँगनेटची तीव्रता कमी होते, म्हणून ते तपकिरी बाटलीत ठेवायला हवे होते. त्याच ऑक्झॅलिक आम्लावर तिने ताज्या द्रावणाने प्रयोग पुन्हा केला व १०.१ मिळाले. तिने जर्नलमध्ये दोन्ही तक्ते तारखेसह ठेवले आहेत.
>
> सहामाही परीक्षेत तिला ७० पैकी ३१ गुण होते. तिची सूत्रे बरोबर असत, पण लॉग टेबल वाचताना चूक होऊन पीएच व नर्न्स्ट समीकरणाच्या उदाहरणांचे उत्तर चुके. त्यानंतर मोकळ्या तासांना ग्रंथालयात बसून तिने अशी … उदाहरणे सोडवली. ती वही मी तपासली आहे. सराव परीक्षेत तिला ५४ गुण मिळाले.
>
> या वर्षीच्या दोन तुकड्यांतील ८४ विद्यार्थ्यांत प्रयोगशाळेतील कामासाठी मी तिला पहिल्या पाचांत ठेवते. लेखी परीक्षेत ती पहिल्या वीसांत असेल. ती सर्वांसमोर शंका विचारत नाही, नंतर एकटी येऊन विचारते. मोठ्या वर्गात तिला सुरुवातीला याची अडचण येईल असे मला वाटते.
>
> तिला बी.एस्सी. रसायनशास्त्र करायचे आहे. हाती आलेला आकडा अपेक्षेप्रमाणे नसला तरी तोच लिहायचा आणि मग कारण शोधायचे, ही सवय तिला आहे. याच आधारावर मी तिची शिफारस करते. अधिक माहितीसाठी खालील क्रमांकावर दुपारी २ नंतर संपर्क साधावा.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, पद, किती वर्षांपासून शिकवते, भ्रमणध्वनी)

छापल्यावर हे एका पानात बसतं. लांबवू नका. एक प्रसंग सविस्तर, दुसरा थोडक्यात, एक तुलना, एक उणीव, एवढ्याचीच एका पानाला जागा आहे. एनएसएस शिबिर, रांगोळी स्पर्धा, विज्ञानदिनाचं सूत्रसंचालन हे सगळं कोंबलं की टायट्रेशन त्यात हरवतं, आणि पत्र पुन्हा दाखल्यासारखं दिसायला लागतं. ते तिच्या निवेदनात जाऊ दे.

मसुद्यातली दोन-तीन ठिकाणं मुद्दाम तशी लिहिली आहेत. ‘ब्युरेटवरच्या पाच घरांचा फरक’ हे रसायन न शिकलेल्या सदस्यासाठी आहे. समितीवर वकील असतो, बँकेतून निवृत्त झालेले असतात, ०.५ मिली मोठं की लहान हे त्यांना कळत नाही, पाच घरं कळतात. नॉर्मॅलिटीचा हिशेब त्याच कारणाने गाळला. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत, बोलीत ठेवला, बाकी पत्र लेखी भाषेत असलं तरी. तिचे शब्द तुम्हाला नक्की आठवत नसतील तर अवतरणचिन्हं काढा आणि ‘द्रावण कधी केले होते असे विचारले’ असं लिहा. आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द पत्रात कुठेही नाही, ते बघा. तो वाचणाऱ्याच्या मनात दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर आपोआप येतो. तुम्ही आधीच लिहिलात तर त्याच्यासाठी काही उरत नाही.

पत्र लिहून झालं की तिचं नाव झाकून स्टाफरूममधल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या. त्याच वर्गाला शिकवणाऱ्याला मुलगी ओळखता आली तर झालं. ‘ही कुणीही असू शकते’ असं तो म्हणाला, तर कोणती वाक्यं दुसऱ्या मुलीलाही लागू पडतात ते त्याला विचारा आणि तेवढीच बदला.

मुलीकडून काय घ्यायचं तेही सांगते, कारण इथे बरेच शिक्षक चुकतात. अर्जाची जाहिरात, तिचं निवेदन, जर्नल, वही आणि तिला आठवणारे दोन-तीन प्रसंग एका कागदावर लिहून घ्या. पत्राचा मसुदा मात्र तिला करायला सांगू नका. वेळ नसला की ‘तूच लिहून आण, मी सही करते’ असं होतं. पण निवेदनाची आणि शिफारशीची भाषा एकाच हाताची असली की ओळखू येते, एकाच ठिकाणी तेच अशुद्ध शब्द येतात, आणि मग त्या मुलीच्या सगळ्या कागदांवरच संशय येतो. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना मुलं एक तर लाजतात नाही तर नेटवरचं उतरवतात. १०.६ ची गोष्ट तिने स्वतःहून लिहिलीच नसती. तिलाही ती बारीकच वाटली असणार.

पाठवण्याचं थोडक्यात. कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारीख घालून. सही तुमची, प्राचार्यांची हवी असेल तर खाली प्रतिस्वाक्षरी म्हणून घ्या. ‘विषयशिक्षकाचे’ मागितलं असताना फक्त प्राचार्यांच्या नावाने गेलेलं पत्र कमकुवत ठरतं, कारण प्राचार्यांनी तिचं जर्नल पाहिलेलं नसतं. बंद पाकिटात मागितलं असेल तर चिकटवलेल्या जागेवरून सही करा. ईमेलने मागितलं असेल तर तुम्ही स्वतः पाठवा, मुलीच्या मेलवरून जाऊ देऊ नका. सोबतच्या ओळीत ‘पूर्वीच्या पत्राऐवजी हे सविस्तर पत्र’ असं लिहा; दोन्ही पत्रं फाइलमध्ये राहिली तर कोणतं धरायचं हा गोंधळ नको. प्रत स्वतःकडे ठेवा. ट्रस्टचा फोन कधीकधी महिन्याने येतो, आणि तेव्हा तुम्ही पत्रातल्यापेक्षा वेगळं काही बोललात तर कागदावरचं सगळं फिकं पडतं.

आता तो मुलगा. नाव बदलून तेच पत्र गेलं असतं तर दोघंही बाद झाले असते, कारण एका कॉलेजचे अर्ज बहुतेक वेळा एकाच गठ्ठ्यात वाचले जातात. त्याचं पत्र कोऱ्या कागदावर सुरू करा. हिचं पत्र समोर ठेवून बदल करत गेलात तर एक तरी ‘तिने’ राहून जातोच. तुलनेचं वाक्य लिहिताना मघाचीच पेन्सिलची यादी वापरा, म्हणजे दोन्ही पत्रांतले आकडे एकमेकांशी जुळतील. एकाच वर्गात दोन जण ‘पहिला’ असू शकत नाहीत. त्याचंही जर्नल मागवा. डिसेंबरच्या त्या पानावर त्याने १०.१ लिहिलेलं असेल तर ते पान मिटवून ठेवा, त्याच्याविरुद्ध वापरू नका. त्या दिवशी बहुतेकांनी तेच केलं होतं. वर्षभरात आणखीही प्रयोग झाले असतील, असेंद्रिय क्षाराचं विश्लेषण, बाकीची टायट्रेशनं. त्यात काही सापडतंय का बघा.

नाहीच सापडलं, तर त्याला तसं सांगा आणि विचारा की कोणत्या सरांकडे तो स्वतःहून शंका घेऊन जातो. भौतिकशास्त्राचे असतील, गणिताचे असतील. ट्रस्टने ‘विषयशिक्षक’ म्हटलंय, रसायनशास्त्राचाच असं म्हटलेलं नाही. हे मुदतीच्या आदल्या दिवशी नको, या आठवड्यातच सांगा, म्हणजे त्या सरांनाही त्याची वही उघडून बघायला वेळ मिळेल.